सोळावा पर्सेंटाइल म्हणजे नापास नव्हे: सिस्टरांची चिठ्ठी कशी वाचायची

ह्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथे जरा सावकाश मांडलेत.

गोष्ट घरातलीच आहे. माझ्या मावसबहिणीची मुलगी नऊ महिन्यांची झाली आणि गोवर-रुबेलाची लस द्यायला ताई तिला कोल्हापुरातच घेऊन गेली. लस झाली, वजन झालं, आणि सिस्टरांनी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. घरी आल्यावर त्याचा फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला.

चिठ्ठी अशी होती:

"वय ९ महिने पूर्ण. वजन ७.३ किलो. मुलींच्या तक्त्यावर १५ च्या रेषेच्या किंचित वर, अंदाजे १६ वा पर्सेंटाइल. जन्म, ३ महिने व ६ महिने हे ठिपके ह्याच रेषेजवळ आहेत. वाढ नीट चालू आहे. अंगावरचं दूध व घट्ट खाऊ चालू ठेवा. पुढचं वजन एका महिन्याने, ह्याच काट्यावर."

ग्रुपवर सगळ्यांनी ह्यातला एकच आकडा वाचला. सोळा. मावशीचा लगेच फोन: "शंभरात सोळाच? अगं, दूध पुरत न्हाई पोरीला. डब्याची पावडर चालू कर आजपासून." ताई रडकुंडीला आली. दोन दिवसांनी खरंच डबा घरात आला. चिठ्ठीत "वाढ नीट चालू आहे" असं स्पष्ट लिहिलेलं असताना हे झालं. म्हणून आज हा आकडा नक्की काय सांगतो ते बघू.

आपण शाळेत पस्तीसला पास होणारी माणसं. सोळा ऐकलं की पोटात गोळा येतो. पण ते गुण असतात, टक्के असतात. पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा. समजा, रंकाळ्याच्या कट्ट्यावर नऊ महिन्यांच्या शंभर निरोगी मुली ओळीने बसवल्या. डावीकडे सगळ्यांत हलकी, उजवीकडे सगळ्यांत जड. आपल्या पोरीपेक्षा हलक्या साधारण सोळा जणी आहेत, बाकीच्या जड आहेत. "सोळावा पर्सेंटाइल" एवढंच म्हणतो. रांगेतल्या सगळ्याच मुली निरोगी आहेत. कुणीतरी सोळाव्या जागी बसणारच.

आता तुमच्यापैकी ज्यांनी एमएचटी-सीईटी दिलीय ते म्हणतील, पर्सेंटाइल आम्हाला माहितीय, जितका जास्त तितका भारी. इथेच घोळ होतो. सीईटीत रांग स्पर्धेची असते. वजनाच्या तक्त्यावर सत्त्याण्णववाला टॉपर नसतो, तो फक्त जड असतो. दुसरं, सीईटीची रांग त्या वर्षी बसलेल्या पोरांची असते, म्हणून बाकीचे हुशार निघाले की तुमचा नंबर घसरतो. इथली रांग कायमची ठरलेली आहे. शेजारच्या बाळाने बाळसं धरलं म्हणून आपल्या बाळाचा पर्सेंटाइल खाली येत नाही.

ही ठरलेली रांग आली कुठून? जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ ह्या काळात सहा देशांतल्या साडेआठ हजारांच्या आसपास मुलांची मापं घेतली आणि २००६ साली तक्ते प्रसिद्ध केले. मुलं मुद्दाम अशी निवडली की वाढीला घरात अडथळा नाही: आईचं दूध मिळतंय, आई सिगारेट ओढत नाही, खायची-प्यायची ददात नाही. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका, आणि सहावा देश भारत. दक्षिण दिल्लीतली मुलं ह्यात आहेत. त्यामुळे "हे गोऱ्यांच्या पोरांचे तक्ते, आपली पोरं बारीकच असतात" हे वाक्य चालत नाही.

आता ताईच्या पोरीचे चार ठिपके घेऊ. जन्माला २.८ किलो. तीन महिन्यांना ५.२. सहा महिन्यांना ६.५. नऊ महिन्यांना ७.३. मावशीचं दुसरं म्हणणं असं की पोरीची वाढ मंदावलीय. आकडे बघितले तर वाटतंही तसं. पहिल्या तीन महिन्यांत २.४ किलो वाढले, पुढच्या तीनात १.३, त्यापुढच्या तीनात फक्त ०.८. पण तक्त्यावरची रेषसुद्धा अशीच वाकते. सुरुवातीला उभी चढते आणि मग सपाट होत जाते, कारण सगळ्याच बाळांची वाढ पहिल्या वर्षात अशीच हळू होत जाते. पंधराची रेष सहा महिन्यांना ६.४ वर असते आणि नऊला ७.३ वर. म्हणजे ह्या काळात ०.९ किलोच्या आसपास वाढ अपेक्षित, आणि पोरीची ०.८ झाली. पर्सेंटाइलमध्ये तिचे चार ठिपके काढले तर साधारण १६, १८, १७, १६ येतात. पोरगी आपली लेन सोडत नाहीये. म्हणूनच सिस्टरांनी मागचे ठिपके चिठ्ठीत लिहिले होते. खरी बातमी त्या ओळीत होती, आणि तीच ओळ कुणी वाचली नाही.

आता दुसरं बाळ समजा. तीही मुलगी, वयही नऊ महिने, वजन ८.३ किलो. पर्सेंटाइल येतो ५३. अर्ध्या रांगेच्या पुढे. घरात पेढे वाटतील. पण तिचा मागचा ठिपका बघा. सहा महिन्यांनाही तिचं वजन ८.३ किलोच होतं, आणि तेव्हा ती ८५ च्या रेषेवर होती. तीन महिन्यांत वजन काही वाढलेलंच नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर तर ती हिरव्या पट्ट्यात अगदी आरामात बसते. त्या कार्डावर हिरवा पट्टा मोठा असतो, त्याखाली पिवळा म्हणजे वजन कमी, आणि त्याखाली नारिंगी म्हणजे फारच कमी. पट्ट्याचा रंग आजची जागा सांगतो. ही मुलगी पिवळ्यात पोचेपर्यंत थांबलो तर आणखी कितीतरी महिने हातचे जातील.

तिच्यासाठी नीट चिठ्ठी लिहायची तर अशी होईल: "वजन ८.३ किलो, मधल्या रेषेच्या किंचित वर. पण ३ महिन्यांत वाढ नाही, रेष आडवी झाली आहे. आज डॉक्टरांना दाखवा." सोळावालीला "काळजी नको" आणि त्रेपन्नवालीला "आज दाखवा". आकडा बघणाऱ्याला हे उलटं वाटतं, ठिपके जोडणाऱ्याला सरळ दिसतं.

आडवी रेष दिसली की सिस्टर आधी काय करतात? पुन्हा वजन. काटा शून्यावर होता का, मागच्या वेळी स्वेटर, टोपडं, भिजलेला डायपर धरून वजन झालं होतं का, काटा बदलला का. ह्यातच दोन-तीनशे ग्रॅम इकडचे तिकडे होतात, आणि ह्या वयात बाळाची महिन्याची वाढच तेवढी असते. म्हणून "ह्याच काट्यावर" हे दोन शब्द चिठ्ठीत असतात. बाळाला शक्यतो कपड्यांशिवाय ठेवायचं.

वजन बरोबर निघालं, तर पुढचा प्रश्न खाण्याचा. सहा महिन्यांनंतर नुसतं दूध पुरत नाही. बऱ्याच घरांत बाळाला वरणाचं पाणी आणि पातळ पेज देतात. पोट भरतं, पण त्यात पाणीच जास्त. चमच्यावरून ओघळणार नाही अशी मऊ खिचडी आणि वर थोडं तूप, हे खरं अन्न. त्यानंतर जुलाब, ताप, खोकला मध्ये येऊन गेला का हे विचारतात. ह्यात उत्तर सापडलं नाही तर मात्र डॉक्टरांनीच कारण शोधायचं.

रेष थोडी हलली म्हणून घाबरायचं नाही हेही सांगतो. पहिल्या दोन वर्षांत काही बाळं जन्माच्या रेषेवरून सरकून स्वतःच्या रेषेवर स्थिरावतात. जन्माचं वजन बरंचसं आईच्या पोटातल्या परिस्थितीवर ठरलेलं असतं. एक ठिपका खाली आला तर महिन्याने पुन्हा वजन करायचं. वजन थांबलं, घटलं, किंवा ठिपके एकामागून एक खालच्या रेषेकडे चालले, तर वाट बघायची नाही. तीनच्या रेषेखालच्या बाळालाही डॉक्टरांनी एकदा नीट तपासायला हवं.

आता मोबाइलवाल्यांसाठी. बरेच जण ॲपमध्ये वजन टाकून पर्सेंटाइल काढतात. आमच्या ग्रुपवर एका भावाने तेच केलं आणि उत्तर आलं, तीन ते चार! पुन्हा हलकल्लोळ. मी स्क्रीनशॉट मागवला. त्याने "मुलगा" निवडलं होतं. मुलांचे आणि मुलींचे तक्ते वेगळे असतात. तेच ७.३ किलो मुलींच्या तक्त्यावर १५ च्या वर आणि मुलांच्या तक्त्यावर ३ च्या रेषेला जवळजवळ टेकलेलं. तशीच चूक जन्मतारखेची होते. बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल, तर पहिली दोन वर्षं वय मूळच्या अपेक्षित तारखेपासून धरायचं, नाहीतर ते विनाकारण मागे दिसतं.

आणि एक मर्यादा. वजनाच्या तक्त्याला बाळाची लांबी माहीत नसते. हलकं बाळ चणीनेच लहान आहे की लांबीच्या मानाने वाळलेलं आहे, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी लांबी मोजून वजन त्या लांबीशी ताडून बघावं लागतं. ताईची पोरगी लांबीलाही लहानखुरीच आहे, आणि ताई-भावजींकडे बघितलं तर त्यात नवल काही नाही.

डब्याचं काय झालं? ताईने तो उघडायच्या आधी सिस्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "ताई, पावडरीची गरज नाही. दूध सुरू ठेवा, खिचडी घट्ट करा, महिन्याने या." दहा महिन्यांना वजन आलं ७.५ किलो. ठिपका पुन्हा पंधराच्या रेषेवर. ताईने ह्या वेळी ग्रुपवर आकडा टाकला नाही. पाचही ठिपके पेनाने जोडून पूर्ण तक्त्याचा फोटो टाकला.