मोबाइलच्या व्हिडिओतून कालव्याचा वेग

कालव्याच्या पाण्याचा पृष्ठवेग तरंगत्या वस्तूच्या चित्रणावरून काढता येतो. त्यासाठी वळण नसलेला, एकसारख्या रुंदीचा भाग निवडतात. दोन्ही काठांवर समोरासमोर खुंट्या ठोकून पाण्यावर दोन आडव्या रेषा कल्पितात. त्यांतले अंतर टेपने मोजतात, समजा 10 मीटर. पुलावरून तिरपे चित्रण केल्यास दूरचे अंतर पडद्यावर आखडते. म्हणून पडद्यावरचे अंतर मोजण्यापेक्षा वस्तू प्रत्येक रेषा कधी ओलांडते तेवढेच पाहणे अधिक भरवशाचे. मोबाइल मात्र स्थिर हवा.

तरंगायला संत्रे उत्तम, कारण ते बरेचसे पाण्यात बुडलेले राहते. थर्माकोल टाळावा, त्याला वारा ढकलतो आणि मोजला जातो तो वाऱ्याचाही वेग. संत्रे पहिल्या रेषेच्या बरेच आधी सोडावे, म्हणजे ते प्रवाहाचा वेग पकडते.

सेकंदाला 30 चौकटींच्या व्हिडिओत दोन रेषांमध्ये 375 चौकटी गेल्या, तर वेळ 12.5 सेकंद आणि पृष्ठवेग सेकंदाला 0.8 मीटर. काही मोबाइल अंधूक उजेडात चौकटींची गती बदलतात. त्यामुळे चित्रणात चालू स्टॉपवॉच दिसू द्यावे; त्याच्याशी हिशेब जुळला नाही, तर स्टॉपवॉचची वेळ धरावी.

काठाजवळ पाणी संथ असते, म्हणून काठांजवळ आणि मध्ये वेगवेगळी संत्री सोडतात. तळाजवळही घर्षणाने वेग घटतो. त्यामुळे पृष्ठवेगाला साधारण 0.85 ने गुणतात: वरील उदाहरणात त्या पट्ट्याचा सरासरी वेग 0.68 मीटर येतो. उथळ, गवताळ कालव्यात हा गुणक आणखी कमी धरावा.