दारूला आकडा, गांजाला जवळपास शून्य

इंग्लंडमध्ये रक्ताच्या 100 मिलीलिटरमागे 80 मिलिग्रॅमपर्यंत दारू कायद्याला चालते. गांजातल्या टीएचसीची मर्यादा मात्र लिटरमागे फक्त 2 मायक्रोग्रॅम आहे. हा फरक का?

दारू पाण्यात विरघळते आणि शरीरभर सारखी पसरते. त्यामुळे रक्तातलं प्रमाण वाढेल तशी अपघाताची शक्यता वाढते, आणि आकडा ठरवता येतो. टीएचसी चरबीत मुरतो. ओढल्यावर काही मिनिटांत रक्तातलं प्रमाण शिगेला पोहोचतं आणि झपाट्याने उतरतं, पण गुंगी काही तास राहते. म्हणून तीन तासांपूर्वी पहिल्यांदाच ओढलेला, अजून गुंगीत असलेला चालक आणि काल रात्री ओढून आज शुद्धीत असलेला रोजचा व्यसनी, दोघांच्या रक्तात सारखंच प्रमाण सापडू शकतं.

अशा स्थितीत 2015 पासून इंग्लंडमध्ये बेकायदा अमली पदार्थांसाठी शून्य सहनशीलता आहे. मर्यादा शून्याऐवजी किंचित वर ठेवली, ती दुसऱ्याच्या धुरामुळे कुणी निर्दोष अडकू नये म्हणून. डायझेपामसारख्या औषधांची मर्यादा धोका पाहून बरीच वर, 550 मायक्रोग्रॅमवर ठेवली आहे. गांजाच्या या मर्यादेमुळे शुद्धीतला व्यसनीही दोषी ठरतो. माझ्या मते हा खरा अन्याय आहे, पण बिनचूक आकडाच नसताना दुसरा सोपा मार्ग दिसत नाही.

आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये दारूसाठी 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. अमली पदार्थांसाठी आकडा नाही. चालक वाहनावर नीट ताबा ठेवू शकत नव्हता, हे सिद्ध करावं लागतं.