हजेरीपट काय सांगतो, काय नाही

सत्र संपत आलं की कॉलेजच्या फलकावर डिफॉल्टर लिस्ट लागते: ७५ टक्के हजेरी न भरलेल्यांची नावं. निकालानंतर हजेरीपट आणि गुणपत्रिका शेजारी ठेवल्या, तर नियमित येणारी मुलं बहुधा वरच दिसतात. क्रेडे आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यासांची गोळाबेरीज केली, तेव्हा कॉलेजातली हजेरी आणि गुण यांचा सहसंबंध ०.४४ च्या आसपास निघाला. काहीच नातं नसलं तर हा आकडा शून्य, दोन्ही तंतोतंत बरोबर चालले तर एक.

म्हणून मुलांना वर्गात कोंडलं की गुण वाढतील? रोज पहिल्या तासाला हजर असणारी मुलगी बहुधा घरी उजळणीही करते. रात्रपाळी करणारा मुलगा तासाला येत नाही आणि त्याला अभ्यासालाही वेळ मिळत नाही. मग गुणांतला फरक हजेरीचा म्हणायचा की झोपेचा, पैशांचा, आवडीचा? शिवाय पहिल्या चाचणीत आपटलेला मुलगा पुढे तास बुडवू लागतो. तिथे गुण आधी घसरले, हजेरी नंतर.

कॅलिफोर्नियात डॉबकिन, गिल आणि मॅरियन या अर्थतज्ज्ञांनी यावर छान तोड काढली. अर्थशास्त्राच्या तीन मोठ्या वर्गांत त्यांनी नियम केला: सहामाहीत वर्गाच्या मधल्या गुणाखाली जे राहतील, त्यांना पुढे हजेरी सक्तीची. आता त्या रेषेच्या जेमतेम खाली आणि जेमतेम वर असलेली मुलं घ्या. एखाद्या गुणाचा फरक नशिबाचाच. हुशारी, आवड, घरची परिस्थिती सारखीच. फरक फक्त सक्तीचा. रेषेजवळ सक्तीवाल्यांची हजेरी ३६ टक्के अंकांनी जास्त भरली आणि अंतिम परीक्षेत त्यांचे गुणही वाढले. हजेरी दहा अंकांनी वाढली, तर गुण ०.१७ प्रमाण विचलनाने वाढतात, असा त्यांचा हिशेब. समजा वर्गाचं प्रमाण विचलन १२ गुण असेल, तर ही वाढ दोन गुणांची.

म्हणजे इथे हजेरीनेच गुण वाढले, आणि तसं ठामपणे म्हणता येतं ते सहसंबंधामुळे नव्हे, त्या रेषेमुळे. अर्थात हे उत्तर रेषेजवळच्या मुलांपुरतं. वर्गात पहिल्या येणाऱ्याबद्दल ते काहीच सांगत नाही.

नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षी दहापैकी सातपेक्षा कमी सरासरी असलेल्यांना दुसऱ्या वर्षी हजेरीची सक्ती होती. तिथेही संशोधकांनी रेषेच्या दोन्ही बाजू ताडून पाहिल्या. हजेरी वाढली, पण सरासरी गुण हलले नाहीत. ज्या विषयांत इतरांना यायचं-न यायचं पूर्ण स्वातंत्र्य होतं, तिथे तर सक्तीवाल्यांचे गुण घटलेच.

अशी रेषा प्रत्येक कॉलेजात सापडणार नाही. तरी डिफॉल्टर लिस्ट लावण्याआधी शिक्षकांनी हजेरीपटातल्या तारखा जरूर चाळाव्यात: गैरहजेरी पहिल्या चाचणीच्या आधीपासून आहे की निकाल हाती पडल्यानंतरची? नंतरची असेल, तर चौकशी तासाची नव्हे, त्या चाचणीची करायला हवी.