भरपाई कोणी करावयाची?

तापमापक उपकरणांच्या कॅलिब्रेशनची इंग्रजी कार्यपद्धती तंत्रज्ञांसाठी मराठीत उतरविताना मुख्य अडचण परिभाषेची असेल, असा सर्वसाधारण समज आहे; परंतु थर्मोकपल, ट्रान्समीटर, कोल्ड जंक्शन हे शब्द तंत्रज्ञांच्या जिभेवर इतके रुळलेले आहेत की, त्यांच्या जागी नवे शब्द बसविण्याचा आग्रह मला निव्वळ खटाटोप वाटतो. अडते ते कर्त्यापाशी. ‘कोल्ड जंक्शनची भरपाई केली जावी’ अशा आशयाचे कर्मणी वाक्य मूळ दस्तऐवजात असते. ती भरपाई ट्रान्समीटरने करावयाची, कॅलिब्रेटरने की खुद्द तंत्रज्ञाने, याचा खुलासा त्यात नसतो.

सीबेक या शास्त्रज्ञाने 1821 साली ज्याचा शोध लावला, तो दोन भिन्न धातूंच्या तारांतील विद्युत्‌दाब तप्त आणि थंड अशा दोन्ही टोकांच्या तापमानांवर अवलंबून असतो. कोष्टके थंड टोक 0 अंश सेल्सियसवर आहे असे गृहीत धरून रचलेली असतात. कारखान्यात मात्र ते टोक ट्रान्समीटरच्या टर्मिनलशी, समजा 30 अंशांवर असते, आणि म्हणून ट्रान्समीटर टर्मिनलचे तापमान मोजून तेवढा दाब आपणहून मिळवितो.

आता ‘के’ प्रकारच्या थर्मोकपलचा, 0 ते 800 अंश मर्यादेचा व 4 ते 20 मिलिअँपिअर देणारा ट्रान्समीटर घ्या. 400 अंशांसाठी कोष्टकात 16.397 मिलिव्होल्ट आहेत. तांब्याच्या तारांनी नुसता मिलिव्होल्ट देणारा स्रोत जोडून तंत्रज्ञाने तेवढेच दिले, तर ट्रान्समीटर त्यांत 30 अंशांचे 1.203 मिळवितो आणि 12 ऐवजी सुमारे 12.57 मिलिअँपिअर दाखवितो; म्हणजे निर्दोष उपकरणात 28 अंशांची चूक दिसते, आणि तीनुसार स्क्रू फिरविला की ती भट्टीच्या नोंदींत कायमची जाऊन बसते. म्हणून मराठीत स्पष्ट लिहावे : ‘टर्मिनलचे तापमान मोजा, त्याचे मिलिव्होल्ट वजा करून 15.194 द्या.’ कॅलिब्रेटर थर्मोकपलच्या पद्धतीवर असेल, तर ही वजाबाकी तोच करतो. तेव्हा मात्र जोडतार ‘के’ प्रकारचीच हवी.

प्लॅटिनमच्या रोधतापमापकास ही भानगड नसते. तेथे जोडतारांचा रोध आड येतो, कारण एक ओहम अधिक झाला की वाचन सुमारे अडीच अंशांनी चढते. तीन तारांच्या ट्रान्समीटरला तपासणीतही तिन्ही तारा जोडाव्यात, एवढे सांगितले की पुरे.

मूळ दस्तऐवजात नसली तरी एक पायरी अभियंत्याच्या संमतीने भाषांतरात घालावी, असे मला वाटते. आरंभीच वरील थर्मोकपल ट्रान्समीटरची दोन्ही टर्मिनले तांब्याच्या आखूड तारेने जोडावीत : 30 अंशांच्या खोलीत 4.6 मिलिअँपिअरच्या आसपास आले, तर भरपाई ट्रान्समीटर करीत आहे. 4 वरच थांबले, तर त्याच्यातील ती सोय बंद आहे आणि वजाबाकी करावयाची नाही.