विषय बदलून हवा? प्राचार्यांना पत्र असे लिहा

अकरावी वाणिज्यला प्रवेश घेताना अनेक ज्युनिअर कॉलेजांत एक निवड करावी लागते: गणित की एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती. गणिताच्या भीतीने बरेच जण एसपीवर खूण करतात. पुढे अर्थशास्त्रात पदवी घ्यायचे मनात आले की ही खूण आड येते. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्ससाठी सीयूईटीत गणित द्यावे लागते आणि त्यासाठी ते बारावीत असावे लागते. म्हणून चूक अकरावीच्या सुरुवातीलाच दुरुस्त करावी.

अर्जात बहुतेक मुले "एसपी आवडत नाही" किंवा "मैत्रीण गणिताच्या वर्गात आहे" असे लिहितात. प्राचार्यांना मात्र दोनच गोष्टी पाहायच्या असतात: हा विषय तुम्हाला झेपेल का आणि तो तुम्हाला कशासाठी हवा आहे. एका विद्यार्थिनीचा अर्ज असा असू शकतो:

"मा. प्राचार्य यांस,
विषय: एसपीऐवजी गणित विषय मिळण्याबाबत.
महोदय, मी अकरावी वाणिज्य 'ब' तुकडीत शिकते. प्रवेशावेळी मी एसपी निवडला होता. दहावीत मला गणितात १०० पैकी ७८ गुण आहेत. मला अर्थशास्त्रात पदवी व पदव्युत्तर शिक्षण घेऊन यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा परीक्षा द्यायची आहे. त्या परीक्षेला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते आणि त्या अभ्यासाला गणित व संख्याशास्त्राचा पाया लागतो. आतापर्यंत झालेली पहिली दोन प्रकरणे मी दिवाळीपूर्वी पूर्ण करीन. गणिताच्या सरांशी बोलले असून वर्गात जागा असल्याचे त्यांनी सांगितले आहे. पालकांची संमती सोबत जोडली आहे. कृपया परवानगी द्यावी."

या पत्राचे बळ गुण, ध्येय आणि बुडालेल्या प्रकरणांचा हिशेब यांत आहे. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात, आणि "उशीर झाला" हे उत्तर तिथेच मिळते. दहावीत गुण कमी असतील तर लपवू नका. त्यानंतर काय अभ्यास केला, ते लिहा.

अर्ज वर्गशिक्षकांमार्फत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी "बसा गणिताला" म्हटले की काम झाले असे समजू नका. कॉलेजच्या नोंदीत जुनाच विषय राहिला, तर हे परीक्षेच्या वेळी कळते. म्हणून गणिताच्या हजेरीपटावर नाव आले का, ते आठवड्याभरात पाहा. पुढे बारावीचा परीक्षा अर्ज भरताना विषयांची यादी स्वतः वाचूनच सही करा.

नकार मिळाला, तर कारण लेखी मागा. जागा नाही म्हणून मिळालेला नकार आणि मुदत संपली म्हणून मिळालेला नकार यांवरचे उपाय वेगळे असतात.