न दिसणाऱ्या शिखराचा माग

ताऱ्यांच्या तापमानाची गोष्ट सुरू होते ती दिव्यांपासून. १८९०च्या दशकात बर्लिनमध्ये गॅसचे दिवे आणि विजेचे दिवे यांच्यात चुरस लागली होती. कोणता दिवा किती उजेड देतो हे ठरवायला एक पक्के प्रमाण हवे होते आणि ते शोधण्याचे काम तिथल्या सरकारी मापनसंस्थेकडे होते. तिथे काम करणाऱ्या विल्हेल्म वीन यांनी १८९३ साली तापलेल्या वस्तूच्या प्रारणाबद्दल एक नियम मांडला. वस्तू जितकी तापेल तितके तिच्या प्रारणाचे शिखर, म्हणजे ज्या तरंगलांबीला ते सर्वाधिक जोरदार असते ती जागा, आखूड तरंगलांबीकडे सरकते. शिखराची तरंगलांबी आणि तापमान यांचा गुणाकार मात्र कायम तेवढाच राहतो.

नियम कागदावर होता, तो तपासायला आदर्श वस्तू हवी होती. लोखंड, प्लॅटिनम, काजळी यांच्यापैकी प्रत्येकाची उत्सर्जनाची रीत थोडी वेगळी असते. वीन आणि ओटो लुमर यांनी १८९५ मध्ये सुचवलेला उपाय साधा होता. वस्तूचा पृष्ठभाग न पाहता सगळीकडून सारखे तापवलेले पोकळ भांडे घ्यावे आणि त्याला पाडलेल्या बारीक छिद्रातून बाहेर येणारे प्रारण मोजावे. आत ते इतक्या वेळा शोषले आणि परत सोडले जाते की भांडे कशाचे आहे याची खूण उरत नाही, उरते ते फक्त तापमान. लुमर आणि प्रिंग्सहाइम यांनी १८९९ मध्ये असे प्रारण मोजले, तेव्हा तो गुणाकार सुमारे २९४० आला (तरंगलांबी मायक्रॉनमध्ये, तापमान केल्विनमध्ये). आज तो २८९८ मानतात. आलेखाच्या संपूर्ण आकारासाठी वीन यांनी दिलेले सूत्र मात्र लांब तरंगलांबीला चुकू लागले आणि ती चूक निस्तरताना १९०० साली माक्स प्लांक यांचे सूत्र जन्माला आले. शिखराच्या सरकण्याचा नियम त्यातूनही शाबूत निघाला.

आता हा नियम आकाशाला लावून पाहू. सूर्याचा पृष्ठभाग ५७७२ केल्विनचा आहे. २८९८ला ५७७२ने भागले की ०.५०२ मायक्रॉन येतात, म्हणजे शिखर हिरव्या रंगात. तरी सूर्य हिरवा दिसत नाही, कारण शिखर अणकुचीदार नसून पसरट असते. दोन्ही बाजूंचे रंगही भरपूर येतात आणि डोळा त्यांची बेरीज पांढरी म्हणून वाचतो. मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी सुमारे ३५०० केल्विनचा, त्याचे शिखर ०.८३ मायक्रॉनला, अवरक्तात पडते. त्याच नक्षत्रातला निळसर राजन्य सुमारे १२,००० केल्विनचा, त्याचे शिखर ०.२४ मायक्रॉनला, अतिनीलात जाते आणि हा भाग ओझोनचा थर जमिनीवर पोहोचूच देत नाही. थोडक्यात, ज्या शिखरावरून तापमान काढायचे, तेच बहुतेक ताऱ्यांच्या बाबतीत डोळ्यांना दिसत नाही.

यावरची तोड निघाली ती शिखराचा नाद सोडून उताराकडे पाहण्याची. पॉट्सडॅमच्या वेधशाळेत विल्सिंग आणि शायनर यांनी १९०९ साली १०९ ताऱ्यांची तापमाने प्रसिद्ध केली. वर्णपटातील निवडक ठिकाणी ताऱ्याची तेजस्विता दिव्याशी ताडून पाहायची आणि तिचा चढ-उतार कोणत्या तापमानाच्या आदर्श वस्तूशी जुळतो हे शोधायचे, अशी त्यांची पद्धत होती. डोंगराचा माथा ढगात असला तरी पायथ्याच्या उतारावरून त्याचा अंदाज बांधावा, तसे हे होते.

१९५३ मध्ये जॉन्सन आणि मॉर्गन यांनी ही रीत फारच सोपी केली. निळ्या भागातली एक गाळणी B, पिवळट-हिरव्या भागातली दुसरी V. दोन्हींतून ताऱ्याची प्रत मोजायची आणि वजाबाकी करायची. हा झाला रंगनिर्देशांक. प्रतीचा आकडा लहान म्हणजे तेज जास्त, त्यामुळे निळ्या ताऱ्याचा B−V लहान किंवा ऋण येतो आणि तांबड्याचा मोठा. सूर्याचा तो ०.६५ च्या आसपास आहे, काक्षीचा १.८५. ताऱ्याला आदर्श वस्तू मानून पुढे बसवलेले एक सोपे सूत्र असे आहे:

T = 4600 × [1/(0.92(B−V) + 1.7) + 1/(0.92(B−V) + 0.62)]

सूर्याचा आकडा घातला की सुमारे ५७८० केल्विन येतात, म्हणजे जवळपास अचूक. काक्षीसाठी सुमारे ३३३० येतात, खऱ्यापेक्षा थोडे कमी. इतक्या थंड ताऱ्याच्या वातावरणात टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू टिकतात आणि वर्णपटाचे लचके तोडतात, त्यामुळे उतार निव्वळ तापमानाचा राहत नाही. उष्ण ताऱ्यांकडे अडचण वेगळी आहे. सूर्याजवळ निर्देशांकात ०.१ चा फरक पडला तर तापमान साडेतीनशे अंशांच्या आत-बाहेर बदलते. पण २०,००० पासून ३४,००० केल्विनपर्यंत जाताना निर्देशांक जेमतेम तेवढाच, ०.१ ने हलतो. शिखर इतके दूर गेलेले असते की दृश्य भागात सगळ्यांचा उतार सारखाच दिसू लागतो.

सर्वांत मोठी फसगत मात्र ताऱ्यात नसून वाटेत आहे. भुजंगधारी तारकासमूहातला झीटा हा तारा घ्या. त्याचा B−V आहे अवघा ०.०२. सूत्राप्रमाणे तापमान येते सुमारे ९,९०० केल्विन, म्हणजे अभिजितच्या तोडीचे. पण त्याच्या वर्णपटात आयनीभूत हेलियमच्या रेषा आहेत. मेघनाद साहांनी १९२० साली दाखवून दिले होते की कोणत्या तापमानाला कोणत्या अणूचा इलेक्ट्रॉन सुटतो याचा हिशेब मांडता येतो, आणि हेलियमचा इलेक्ट्रॉन सुटायला दहा हजार अंश फारच अपुरे आहेत. झीटाचे खरे तापमान निघते सुमारे ३४,००० केल्विन. मग रंग खोटे का बोलतो? १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलर यांनी दूरच्या तारकागुच्छांवरून सिद्ध केले होते की ताऱ्यांमधल्या जागेत धूळ आहे आणि ती निळा प्रकाश जास्त अडवते. एवढ्या उष्ण ताऱ्याचा मूळ निर्देशांक −०.३० च्या आसपास असायला हवा, दिसतो ०.०२. मधला ०.३२ हा धुळीचा हिस्सा. रेषा एक सांगतात आणि रंग दुसरे, तेव्हा वाटेत धूळ आहे हे ओळखावे.

रंग आणि रेषा या दोहोंना बाजूला ठेवून तापमान काढता येईल का? ताऱ्याचा कोनीय व्यास आणि त्याचे सर्व तरंगलांबींचे मिळून येणारे एकूण तेज कळले, तर दर चौरस मीटरमधून किती ऊर्जा निघते हे कळते आणि त्यावरून थेट तापमान. ऑस्ट्रेलियात नॅराब्राय येथे हॅनबरी ब्राउन आणि सहकाऱ्यांनी ३२ ताऱ्यांचे व्यास मोजले. १९६८ मध्ये सोडलेल्या ओएओ-२ उपग्रहाने ओझोनच्या वरून अतिनील प्रकाश मोजला. दोन्ही जुळवून १९७६ मध्ये उष्ण ताऱ्यांची तापमाने जाहीर झाली. बर्लिनच्या भांड्यातल्या छिद्राकडे पाहणाऱ्यांना जे शिखर सहज मोजता आले होते, ते राजन्यासारख्या ताऱ्याच्या बाबतीत हाती लागायला वीन यांच्यानंतर ऐंशी वर्षे जावी लागली. तोवर उताराच्या भरवशावर काढलेले आकडे कुठे खरे आणि कुठे फसवे, हेही त्यातूनच ठरवता आले.