विहीर चोरीला गेली, साहेबांना घाम का फुटला?

मकरंद अनासपुरे यांच्या ‘जाऊ तिथे खाऊ’ (२००७) या सिनेमात चक्क विहीर चोरीला गेल्याची तक्रार होते. यात हसू येतं कुठून? विहिरीचे पैसे वाटेतच खाल्ले गेलेत, पण कागदावर ती बांधून पूर्ण आहे. शिक्का खरा मानला, तर विहीर चोरीलाच गेली. चोरी नाकारली, तर शिक्का खोटा! साहेब दोन्हीकडून अडकले.

तक्रार करणारा मात्र हसत नाही. देवगाव फाट्याकडच्या बोलीत हीच तक्रार ऐकून बघा : ‘सायेब, तुमच्याच कागदावर हाय की हीर, मग गेली कुठं?’ आवाजात टोमणा नाही, नुसती चौकशी. त्यानं एकदा जरी डोळा मारला, तरी ती थट्टा ठरते आणि साहेब सुटतात.